गंजकी नळी, मॅनोमीटर आणि हवेच्या बाजूचा ‘एच’

सांगली भागात बेदाण्याच्या शेडला गरम हवा देणारे हीटर बनवणाऱ्या एका छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी डिझाइन बघतो. हीटर साधाच असतो: ४० नळ्यांचा जुडगा, बाहेरून धूर, आतून ब्लोअरची हवा. नळीचा आतला व्यास ५० मिमी, लांबी ३ मीटर. गेल्या पावसाळ्यात मालकांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, नळ्यांचा एक लॉट स्वस्तात उचलला. चार महिने तो उघड्यावर पडून होता, त्यामुळे आतून चांगलाच गंजला होता. आण्णांचा प्रश्न सरळ होता: “ह्या नळ्या वापरल्या तर हवा कमी तापंल का?”

उत्तरासाठी नळीच्या आतला उष्णता-संक्रमण गुणांक, म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘एच’, हवा होता. पुस्तकातली सूत्रं गुळगुळीत नळीसाठी असतात, गंजक्या नळीला काय लावायचं? तेव्हा कॉलेजात शिकलेली रेनॉल्ड्सची तुलना आठवली. ती १८७४ सालची. प्रवाहातले भोवरे नळीच्या मध्यातला वेग भिंतीपर्यंत नेतात, त्यातून घर्षण होतं, आणि तेच भोवरे भिंतीची उष्णता मध्यापर्यंत आणतात. हमाल एकच, ओझी दोन. मग घर्षण मोजलं की उष्णतेचा अंदाज यायला हवा. शिवाय घर्षण थंड हवेवरही मोजता येतं, भट्टी पेटवायची गरज नाही. कोलबर्नने १९३३ मध्ये त्यात प्रांटल अंकाची दुरुस्ती घातली, ती अशी:

```
St · Pr^(2/3) = f / 8
h = St · ρ · cp · V
```

इथे St म्हणजे स्टँटन अंक, V म्हणजे हवेचा वेग आणि f म्हणजे घर्षण गुणांक. इथला f डार्सीचा आहे. फॅनिंगचा f त्याचा चौथा हिस्सा असतो, त्याला ८ ऐवजी २ ने भागायचं. दोन्हींची गल्लत झाली की उत्तर सरळ चौपट किंवा पाव होतं, म्हणून तक्ता कुणाचा आहे ते मी वहीच्या कोपऱ्यात आधी लिहून ठेवतो.

पहिला प्रयत्न मी सोयीचा मार्ग पकडून केला. तयार हीटर समोर उभा होता, नळ्या स्वच्छ होत्या. ब्लोअर चालू केला, हवा येणाऱ्या बॉक्सला एक टॅपिंग आणि बाहेर पडणाऱ्या बॉक्सला एक, मध्ये यू-ट्यूब. पाण्यात कपड्यांची नीळ टाकली की रेघ स्पष्ट दिसते. डक्टमध्ये पिटोट घालून एकूण हवा मोजली, ४० नळ्यांत वाटली, नळीतला वेग २० मीटर प्रतिसेकंद आला. मॅनोमीटरवर ६० मिमी फरक, म्हणजे सुमारे ५९० पास्कल. सांगलीच्या उंचीवर ३० अंशाला हवेची घनता १.०९ धरली. ३ मीटर लांबीवर हा सगळा दाब घर्षणात गेला असं मानलं तर f येतो ०.०४५, आणि ‘एच’ येतो १५६.

आण्णा खूश. धुराच्या बाजूचा गुणांक मी ३५ धरतो. हवेच्या बाजूला पहिल्या हिशोबातल्या ७०च्या ऐवजी १५६ घातले की एकूण गुणांक २३ वरून २८ च्या पुढे जातो, म्हणजे ३ मीटरऐवजी २.४५ मीटर नळी पुरते. पत्र्याची बचत, नळीची बचत. ड्रॉइंग बदलायला घेतलंही होतं.

पण f बोचत होता. रेनॉल्ड्स अंक ५८,००० च्या घरात, नळी स्वच्छ, तिथे f ०.०२ च्या आसपास यायला हवा. माझा दुपटीहून जास्त. मग मी ब्लोअरचा डॅम्पर ओढून वेग निम्मा केला. नुसतं घर्षण असतं तर दाबाचा फरक साधारण साडेतीन पट कमी व्हायला हवा, कारण गुळगुळीत नळीतलं घर्षण वेगाच्या १.८ घाताने वाढतं. नळीच्या तोंडाशी हवा आत घुसताना आणि दुसऱ्या टोकाला बॉक्समध्ये फुटताना जो दाब वाया जातो, तो मात्र वेगाच्या वर्गाने, म्हणजे बरोब्बर चार पट बदलतो. माझं पाणी ६० वरून १६ वर आलं. पावणेचार पट. घर्षण आणि तोंडाचं नुकसान यांची खिचडी!

हिशोब नंतर जुळला. तोंडाशी अर्धा आणि बाहेर पडताना एक, असा दीड गतिज दाब म्हणजे ३२७ पास्कल नुसत्या दोन टोकांना जात होते. खरं घर्षण ५९० पैकी २६३ च. टोकांचा हा दाब हवेच्या मोठ्या लोळांना वळवण्यात जातो, भिंतीला घासण्यात नाही. तुलना फक्त भिंतीवरच्या घासणीला लागू पडते. हमालाने रस्त्यात मारलेल्या गिरक्यांचं भाडं लावून ओझ्याचा अंदाज काढला, असं झालं होतं.

दुसऱ्या खेपेला एकच स्वच्छ नळी स्टँडवर घेतली. पहिलं टॅपिंग तोंडापासून ७५ सेंमीवर, म्हणजे १५ व्यास आत, प्रवाह बसलेला असतो तिथे. दुसरं त्याच्या पुढे बरोबर २ मीटरवर. भोकं २ मिमीची. आमच्या फिटरमामांनी ती पाडली आणि बोट आत घालून म्हणाले, “सायेब, आत कंगोरा राहिलाय.” ड्रिलने आतल्या बाजूला वळवलेली ती धातूची किनार केसाएवढीच असते, पण तिच्यावरून जाणारी हवा टॅपिंगमधला दाब बिघडवते. मामांनी गजाला पॉलिश पेपर गुंडाळून नळीत फिरवला. आधी १५ मिमी दाखवणारं पाणी १८ वर गेलं. ते किंचित बाजूच्या नव्या भोकाने तपासलं, तिथेही १८. अशा छोट्या फरकात १ मिमीची चूक म्हणजे ५-६ टक्के, म्हणून उभी यू-ट्यूब काढून एकास पाच उताराची तिरकी नळी लावली. तीवर तोच फरक ९० मिमी दिसतो.

वेगासाठी पिटोट नळीच्या मध्यावर धरला: २४.५. मध्यावरचा वेग सरासरी नसतो, या रेनॉल्ड्सला सरासरी त्याच्या सुमारे ०.८२ पट असते, म्हणून २०. दाब १७७ पास्कल, f आला ०.०२०३. वेग निम्मा केल्यावर पाणी ५ च्या जरा वर, म्हणजे साडेतीन पट. आता हे निखळ घर्षण होतं. f ला ८ ने भागून ०.००२५४, हवेसाठी प्रांटल ०.७१, त्याचा दोन-तृतीयांश घात ०.८, म्हणून स्टँटन अंक ०.००३२. ‘एच’ आला ७०. रेनॉल्ड्सची मूळ तुलना, प्रांटलशिवाय, ५६ देते. हवेसाठी फरक एवढाच, पण तेलासाठी ती पार फसते.

आण्णांचा चेहरा पडला, १५६ वरून ७०. “खरं कशावरनं?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. म्हणून त्याच २ मीटर भागावर हीटिंग टेप गुंडाळली, वर ग्लासवूल, नळीच्या भिंतीला थर्मोकपल. एक किलोवॉट दिला. हवा ३० वर आत गेली, ५२ वर बाहेर आली. हवेने घेतलेली उष्णता ९४७ वॉट, बाकी ग्लासवूलमधून गळाली. मध्यावर हवा ४१, भिंत ८७. ‘एच’ निघाला ६६.

चार कमी का? भिंत हवेपेक्षा बरीच गरम असली की भिंतीलगतची हवा पातळ होते आणि गुणांक थोडा घसरतो. वायूसाठी भिंत आणि हवा यांच्या केल्विनमधल्या तापमानांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घेऊन भागायचं. इथे ३६० भागिले ३१४, म्हणजे ७० चे ६५. जवळजवळ नेमकं बसलं. थंड हवेवर मोजलेल्या आकड्याची ही मोठी मर्यादा होती. टेपवर चार कमी झाले, पण हीटरच्या तापलेल्या टोकाला, ६०० अंशांच्या धुरात, भिंत २८० च्या आसपास आणि हवा ८० असते. तिथे ७० चे थेट ५६ होतात. पूर्ण नळीची सरासरी मी ६० धरली.

आता मूळ प्रश्न: गंजकी नळी. तिला तशीच भोकं पाडली, कंगोरा काढला. त्याच वेगाला पाणी २७ मिमी. f ०.०३०, स्वच्छ नळीच्या जवळपास दीडपट. तुलनेप्रमाणे ‘एच’ही दीडपट, १०३. आण्णा लगेच: “आरं मग गंज फायद्याचाच की!”

वेग निम्मा केला. पाणी सातच्या जरा वर थांबलं. ३.८ पट. बॉक्सच्या मोजणीतलं दुखणं इथे सूक्ष्म रूपात होतं. गंजाच्या प्रत्येक कंगोऱ्यावर हवा आपटते, पुढे-मागे दाबाचा फरक पडतो आणि वेग अडतो. वेग असा दाबाने अडवता येतो, उष्णतेला मात्र तशी सोय नाही. तिला भिंतीलगतचा पातळ थर ओलांडूनच जावं लागतं. म्हणून खडबडीत नळीत घर्षण जितकं वाढतं तितका गुणांक वाढत नाही. नॉरिसचा नियम असा की घर्षणाच्या वाढीचा साधारण ०.६३ घात हवेच्या गुणांकाला मिळतो. १.४८ चा ०.६३ घात १.२८, म्हणजे ७० चे ९०. टेप लावून तपासलं: तेवढ्याच उष्णतेला भिंत ७७ वर थांबली, ‘एच’ ८४. गरम भिंतीची दुरुस्ती लावली तर ९० चे ८५ होतात. १०३ कुठेच नव्हता.

म्हणजे गंज थोडा फायद्याचा होता, पण तो टिकणारा फायदा नाही. गरम-थंड होताना पापुद्रे सुटतात, बेदाण्यावर उडतात, आणि ब्लोअरला ६० ऐवजी ७३ मिमी ओढावे लागतात. नळ्या ब्रश मारून साफ करायच्या आणि गुणांक स्वच्छ नळीचाच धरायचा, असं ठरलं.

सरासरी ६० धरल्यावर लांबी ३.१७ मीटर निघाली. मी ३.२ लिहिलं तर मामा हसले. नळी ६ मीटरची येते, ३.२ चा एक तुकडा काढला की २.८ भंगारात. मग लांबी ३ च ठेवून नळ्या वाढवून बघितल्या. नळ्या वाढल्या की प्रत्येकीतला वेग घटतो, आणि ‘एच’ वेगाच्या ०.८ घाताने घटतो, म्हणून नुसतं क्षेत्रफळ वाढवून भागत नाही. ४४ नळ्यांना वेग १८.२, ‘एच’ ५५.६, एकूण गुणांक २१.५. पहिल्या हिशोबाला जेवढं लागत होतं त्याहून सव्वा टक्का जास्त. सहा मीटरच्या बरोबर २२ नळ्या, भंगार शून्य. आण्णांनी मागचं २.४५ मीटरचं ड्रॉइंग फाडलं नाही, त्याच्या पाठीवर ऑर्डर लिहिली.