रेड ऑक्साइडखाली काय आहे? शेडचा एक सांधा तपासताना

आमच्या शेडचे कॉलम आणि छताचे तिरके राफ्टर उभे राहिले, त्यांवर पत्र्यांना आधार देणाऱ्या आडव्या पर्लिन बसल्या, पण छताचे पत्रे अजून चढायचे होते. तपासणी करायची तर हीच वेळ. पत्रे चढले की सांध्यांवर वजन येतं आणि चुकीचं काही सापडलं तरी दुरुस्ती अवघड होते. मी इंजिनिअर नाही. त्यामुळे शेड भार पेलेल की नाही हे ठरवणं माझं काम नव्हतं. माझं काम एवढंच, की ड्रॉइंगमध्ये जे लिहिलंय ते प्रत्यक्ष लागलंय का हे डोळ्यांनी बघायचं आणि खटकेल ते डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला कळवायचं. ही मर्यादा आधीच मनाशी पक्की केली, म्हणून पुढे कुणाशी वाद घालताना फार सोपं गेलं.

सगळे सांधे सारख्याच बारकाईने बघत बसलो असतो तर काम संपलंच नसतं. इंजिनिअरना विचारलं, कुठे जास्त लक्ष देऊ? ते म्हणाले, जिथे राफ्टर कॉलमला मिळतो त्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. तिथे राफ्टरच्या टोकाला एक जाड एंड प्लेट वेल्ड केलेली असते आणि ती कॉलमच्या कडेच्या सपाट पट्टीला, म्हणजे फ्लँजला, बोल्टने आवळलेली असते. छताच्या वजनाने राफ्टर मध्यात खाली झुकू पाहतो, तेव्हा या सांध्याची वरची बाजू उघडायला बघते आणि खालची बाजू दाबली जाते. म्हणजे वरचे बोल्ट आणि वरच्या फ्लँजचं वेल्डिंग ताणाखाली. जोराचं वारं छत उचलायला लागलं की हाच हिशोब उलटा होतो, म्हणून खालचं वेल्डिंग कसंही चालेल असं नाही.

माल वर्कशॉपमधूनच रेड ऑक्साइड मारून आला होता. वेल्डिंग तपासायचं ते रंगाआधी, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी माल रंगूनच येतो. फॅब्रिकेटरला विचारून निवडक ठिकाणचा रंग वायर ब्रशने काढला. तो आधी नाराज झाला. "साहेब, सगळं वेल्डिंग टकाटक आहे, कशाला खरवडताय?" मी म्हटलं, "टकाटक आहे म्हणूनच बघू द्या, खरवडलेला रंग मी परत मारून देतो." मग त्याचाच माणूस परांची लावून द्यायला आला.

सोबत बॅटरी, छोटा आरसा, शून्यापासून सुरू होणारी स्टीलची पट्टी, वेल्ड मोजायचं गेज आणि फट मोजायची फिलर गेजची पाती. डोळा वेल्डपासून साधारण 600 मिलिमीटरच्या आत हवा आणि नजर पृष्ठभागाशी निदान 30 अंशांचा कोन करणारी हवी. लांबून, तिरकं बघितलं की प्रत्येक वेल्ड सुंदर दिसतं. याउलट प्रकाश मात्र मुद्दाम तिरका टाकायचा. समोरून बॅटरी मारली तर सगळं सपाट दिसतं. बाजूने मारली की वेल्डच्या काठाला जिथे मूळ लोखंड खाल्लं गेलंय, ज्याला अंडरकट म्हणतात, तिथे काळी सावलीची रेघ उमटते. त्या रेघेवरून नख फिरवलं की अडकतं.

वरच्या फ्लँजची वरची बाजू खरंच चांगली होती. एकसारखे खवले, काठ फ्लँजमध्ये गुळगुळीत मिसळलेला. ड्रॉइंगमध्ये 8 मिलिमीटरचं फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरलेलं तिकोनी वेल्ड, होतं आणि गेज तितकंच दाखवत होतं. याच फ्लँजच्या खालच्या अंगाला, जिथे फ्लँज आणि दोन फ्लँजना जोडणारी मधली पट्टी, म्हणजे वेब, यांची बेचकी होते, तिथे आरसा धरला तेव्हा गोष्ट वेगळी निघाली. तो भाग खालून दिसत नाही, वरूनही दिसत नाही. बहुधा तुकडा न उलटता वेल्डरने डोक्यावर हात धरून तो मारला असणार. तिथे गेज 6 दाखवत होतं, काही ठिकाणी 5.

8 च्या जागी 6 म्हणजे काय, हे समजायला थोडं भूमितीत जावं लागतं. फिलेटची ताकद त्याच्या पायाच्या, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या काठापर्यंतच्या, लांबीवर नव्हे, तर मधल्या गळ्यावर, म्हणजे कोपऱ्यापासून तिरकस पृष्ठभागापर्यंतच्या सर्वांत कमी अंतरावर ठरते. दोन्ही पाय सारखे आणि पृष्ठभाग सपाट असेल तर गळा पायाच्या साधारण 0.7 पट. 8 चा गळा 5.6, 6 चा गळा 4.2. म्हणजे त्या लांबीत पाव हिस्सा वेल्ड नव्हतंच. वेल्ड मध्ये खोलगट असेल तर पाय पूर्ण भरूनही गळा कमी पडतो, म्हणून गेजचं पाय मोजायचं टोक आणि गळा मोजायचं टोक, दोन्ही लावावीत. आणखी एक फसवणारी जागा: प्लेट आणि फ्लँज मुळात एकमेकांना टेकलेले नसतील, मध्ये 2 मिलिमीटर फट असेल, तर बाहेरून 8 दिसणाऱ्या पायातले तेवढे 2 फट भरण्यातच गेलेले असतात. वेल्डच्या टोकाशी बघितलं तर ही फट कधी कधी डोकावते.

याच बेचकीत वेल्डच्या शेवटी एक गोष्ट हाताला लागली. रंगाखाली पृष्ठभाग संशयास्पद गुळगुळीत होता. वेल्ड इतकं गुळगुळीत नसतं. स्क्रेपरचं टोक दाबलं तर पांढरट भुकटी पडली. वेल्डवर साचणारा मळ, म्हणजे स्लॅग, असता तर काचेसारखी खपली उडाली असती. ही पुट्टी होती. ती काढल्यावर खाली खड्डा. वेल्डर आर्क तोडतो तेव्हा शेवटी वितळलेलं लोखंड आटतं आणि वाटीसारखा खळगा राहतो. क्षणभर थांबून तो भरायचा असतो. इथे भरला नव्हता, आणि खळग्याच्या तळाशी केसाएवढी रेघ दिसत होती. ती भेग की नुसता ओरखडा, हे मला ठरवता येईना. भेगेच्या बाबतीत लहान-मोठी असा भेदच नसतो: छिद्रं, अंडरकट यांना ठरावीक मर्यादेपर्यंत सूट मिळते, भेगेला मुळीच नाही. मी बाजूला पट्टी धरून फोटो काढला, खडूने गोल केला आणि पुढे सरकलो.

मग बोल्ट. एंड प्लेटला दोन उभ्या ओळींत मिळून 8 बोल्ट होते, सगळे 20 मिलिमीटर व्यासाचे, ड्रॉइंगनुसार 8.8 ग्रेडचे. बोल्टच्या डोक्यावर हा आकडा उठावदार छापलेला असतो. पहिला आकडा म्हणजे तुटण्याची ताकद, 8 म्हणजे 800 मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या किती हिश्श्यावर बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो, इथे 0.8. एका डोक्यावरचा रंग पुसला तर 4.6 निघालं. दिसायला, जाडीला, पान्याला तंतोतंत तोच बोल्ट, पण ताकद निम्मी. एखादा बोल्ट कमी पडला आणि कुणीतरी खिशातला लावला, एवढंच घडलं असणार. नटांवरचा आकडाही बघावा, 8.8 च्या बोल्टला 8 चा नट लागतो.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत शिकवणारा होता तो वरच्या ओळीतला उजवा बोल्ट. बाकीच्या बोल्टांचे आटे नटाच्या बाहेर साधारण 11 मिलिमीटर आले होते, याचे जवळपास 27. नट पान्याने तसूभर हलत नव्हता. फॅब्रिकेटरचा माणूस म्हणाला, "दादा, हा तर सगळ्यांत टाइट आहे." पण नटाखालचा वॉशर मी बोटाने फिरवला तर गरगर फिरला.

याचं कारण साधं. 20 चा असा बोल्ट सगळ्या लांबीवर आटे पाडलेला नसतो. टोकाकडे साधारण 46 मिलिमीटर आटे, बाकी साधा दांडा. बाकीचे बोल्ट 60 लांबीचे होते, हा 80 चा. म्हणजे आट्यांआधीचा दांडा 34 मिलिमीटर. एंड प्लेट 16, कॉलमची फ्लँज 12, वॉशर 3, मिळून 31. नट आट्यांच्या शेवटापर्यंत गेला आणि दांड्यावर अडकला. प्लेट आवळण्याची वेळच आली नाही. पाना लावणाऱ्याला पूर्ण जोर लागतो, त्यामुळे त्याच्या हाताला बोल्ट घट्टच वाटतो. याच कोपऱ्यात एंड प्लेट आणि कॉलम यांच्यामध्ये फिलर गेजचं 1.5 चं पातं आरपार बोल्टपर्यंत जात होतं. ताण सगळ्यांत जास्त असलेल्या ओळीतला एक बोल्ट नुसता लटकलेला.

फट दिसली की दर वेळी बोल्टचाच दोष नसतो. वेल्डिंगच्या उष्णतेने एंड प्लेटच कडेला वाकते, आणि बोल्टांच्या आसपास प्लेट टेकलेली असताना फक्त कडेला थोडी फट राहिली तर इंजिनिअर ती बऱ्याचदा मान्य करतात. पातं कुठपर्यंत जातं हे म्हणून लिहून ठेवायचं. कडेला थांबलं की बोल्टला जाऊन लागलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी स्वतः एकही नट सैल केला नाही. प्रत्येक गोष्टीला सांध्याचा क्रमांक, बाजू, माप आणि फोटो जोडून इंजिनिअरना पाठवलं. "वेल्डिंग खराब आहे" असं लिहिलं असतं तर फोनवर नुसती चर्चा झाली असती. "वरची फ्लँज, खालचं अंग, 8 ऐवजी 5 ते 6, लांबी 90 मिलिमीटर" याला उत्तर द्यावंच लागतं.

उत्तर स्पष्ट आलं. लांब बोल्ट आणि 4.6 चा बोल्ट बदलायचे, पण राफ्टरला टेकू देऊन आणि एका वेळी एकच काढून. कमी पडलेलं फिलेट पूर्ण साफ करून त्यावर आणखी एक थर चढवायचा, तेही पत्रे चढण्याआधी, कारण भाराखालचं लोखंड तापवणं धोक्याचं. खळग्यातल्या रेघेवर मात्र थर चढवायला त्यांनी साफ मनाई केली. आधी लाल डाय लावून तपासणी. डाय मुरू दिली, पुसली, वर पांढरा डेव्हलपर फवारला, आणि थोड्याच वेळात त्या पांढऱ्यातून बारीक लाल रेघ उमटली. भेग होती. ती ग्राइंडरने पूर्ण उकरून, तळाला पुन्हा डाय लावून, रेघ उमटत नाही हे बघून मगच भरली. वरून नुसतं वेल्ड केलं असतं तर भेग आत तशीच राहिली असती आणि पुढच्या तपासणीत मला ती दिसलीही नसती.

हीच अडचण बाकीच्या सांध्यांबाबत राहते. बाहेरून सुरेख खवले असलेलं वेल्ड आत मूळ लोखंडाला जुळलेलंच नसेल, तर ते आरशाने किंवा गेजने कळत नाही, आणि डायही फक्त पृष्ठभागापर्यंत उघडलेली भेग दाखवते. म्हणून इंजिनिअरनी राफ्टरच्या मधल्या जोडातलं, टोकाला टोक जोडणारं बट वेल्ड अल्ट्रासॉनिकवाल्यांकडून तपासून घ्यायला लावलं. तिथे माझ्या बघण्याचा त्यांनी आधारच धरला नाही. कोपऱ्याचे बाकीचे सांधे मी त्याच क्रमाने बघितले: आधी आरसा बेचकीत, मग डोक्यावरचे आकडे, मग बाहेर आलेल्या आट्यांची लांबी, आणि शेवटी प्रत्येक वॉशरला बोट. दोन ठिकाणी वॉशर पुन्हा फिरले. तेही 80 चेच बोल्ट निघाले, एकाच पिशवीतून आलेले. ते बदलून झाल्यावर प्रत्येक नटावरून प्लेटपर्यंत रंगाची सरळ रेघ ओढून घेतली. पत्रे चढल्यावर आणि पहिला वादळी वारा होऊन गेल्यावर त्या रेघा जुळतात का, हे खालूनच बॅटरीने बघता येतं.