गाचि आणि नोतु

«नियम दोनच आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. मग आधी कुठला लावला याने फरक का पडतो? आणि तीच जोडी एकदा फीडिंग, एकदा ब्लीडिंग, हे कसं?»

शब्दांतले ध्वनी बदलणाऱ्या नियमांबद्दलच्या या प्रश्नासाठी मी एक छोटी भाषा रचून ठेवली आहे. तिच्यात एकवचनाला प्रत्यय नाही, अनेकवचनाला इ लागतो आणि «-कडे» या अर्थी उ. शब्द पाच:

सुना (नदी), सुनि, सुनु
होत् (झाड), होचि, होतु
गाता (दगड), गाचि, गातु
नोचि (पक्षी), नोचि, नोतु
लाचि (पान), लाचि, लाचु

सुना सोपा आहे. सुना + इ चं सुनि होतं, सुना + उ चं सुनु. दोन स्वर शेजारी आले की पहिला गळतो. याला स्वरलोप म्हणू. होत् मध्ये दुसरी गोष्ट दिसते: होत् + इ चं होचि, पण होत् + उ चं होतु. म्हणजे इ च्या आधी त् चा च् होतो. हे तालव्यीकरण.

आता नोचि आणि लाचि शेजारी ठेवून बघा. नुसते उच्चारले तर दोघांचा शेवट सारखाच, अनेकवचनही सारखंच. पण उ लागला की एकातून नोतु निघतं, दुसऱ्यातून लाचु. विद्यार्थी असताना मी याच ठिकाणी चुकले होते. कानाला नोचि ऐकू येतं म्हणून मूळ रूपही नोचि धरलं, आणि «उ च्या आधी च् चा त् होतो» असा तिसरा नियम बनवला. नोतु सुटलं, पण त्या नियमाने लाचु चं लातु केलं असतं. लाचु तसंच राहतं, म्हणून तो नियम टिकत नाही. लाचि मध्ये च् मुळातलाच आहे. नोचि मधला च् मात्र त् पासून आलेला आहे. मूळ रूप नोति, आणि एकट्या शब्दातही त् पुढे इ असल्यामुळे उच्चारात नोचि. उकल करताना माझा अर्धा वेळ अशी मूळ रूपं ठरवण्यात जातो. तिथे घाई झाली की पुढचा क्रम कितीही नीट मांडला तरी जुळत नाही.

मूळ रूपं हाती आली की क्रमाकडे वळायचं. इथे सगळे शब्द सारखे कामाचे नसतात. सुना ला फक्त स्वरलोप लागतो, होत् ला फक्त तालव्यीकरण. कुठलाही क्रम घ्या, दोघं सुटतात, म्हणून क्रमाबद्दल ते काहीच सांगत नाहीत. लाचि मध्ये त् नाही, तोही गप्प. बोलतात ते गाता आणि नोति, कारण त्यांच्यात दोन्ही नियम एकमेकांच्या वाटेत येतात.

आधी गाता + इ. स्वरलोप पहिला लावला तर आ गळतो आणि गात् + इ उरतं. आता त् ला इ येऊन भिडला, तालव्यीकरणाला जागा मिळाली: गाचि. हेच क्रम उलटवून करा. तालव्यीकरण पहिलं आलं, पण त् आणि इ च्या मध्ये अजून आ उभा आहे, त्यामुळे काहीच घडत नाही. मग स्वरलोप होतो आणि गाति निघतं. आपल्या यादीत गाचि आहे. म्हणजे स्वरलोप आधी.

आता नोति + उ. स्वरलोप पहिला लावला तर इ गळतो, नोत् + उ उरतं. तालव्यीकरण ज्या इ च्या भरवशावर होतं तोच गेला, म्हणून नोतु. उलट क्रमात आधी नोचि + उ झालं असतं, मग इ गळून नोचु. यादीत नोतु आहे. पुन्हा स्वरलोप आधी.

क्रम दोन्हीकडे एकच, नियमही तेच. पण गाता मध्ये स्वरलोपाने तालव्यीकरणाला खाद्य पुरवलं, तर नोति मध्ये त्याच्या तोंडचा घास काढून घेतला. पहिल्याला फीडिंग म्हणतात, दुसऱ्याला ब्लीडिंग. ही नावं पॉल किपार्स्की यांच्या 1968 च्या लेखापासून रूढ झाली. ती नियमांना कायमची चिकटवता येत नाहीत. कुठल्या शब्दात काय घडलं ते त्यांतून सांगितलं जातं. मी वहीत प्रत्येक शब्दापुढे एवढंच लिहायला सांगते: पहिला नियम लागण्याआधी दुसऱ्याला जागा होती का, आणि लागल्यानंतर आहे का? आधी नव्हती, नंतर आहे, तर फीडिंग. आधी होती, नंतर नाही, तर ब्लीडिंग. गाता + इ समोर «नाही, आहे» येतं, नोति + उ समोर «आहे, नाही». दोन्ही उत्तरं सारखी आली तर त्या शब्दावर क्रमाचा निकाल लावायचा नाही.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे, क्रम हवाच कशाला, दोन्ही नियम एकदम मूळ रूपावर लावले तर? करून बघा. गाता + इ मध्ये मूळ रूपात त् पुढे इ नाही, म्हणून फक्त आ गळेल: गाति. नोति + उ मध्ये त् पुढे इ आहे आणि इ पुढे उ ही आहे, म्हणून दोन्ही नियम लागतील: नोचु. दोन्ही चुकीची, आणि नेमकी उलट्या क्रमाने आली होती तीच.

समजा, शेजारच्या बोलीत गाति आणि नोतु अशी रूपं सापडली. गाति साठी तालव्यीकरण आधी हवं, नोतु साठी स्वरलोप आधी. एका ओळीत लावलेल्या दोन नियमांनी हे सुटत नाही. अशा वेळी क्रमाशी झटापट करण्यापेक्षा मी नियमाकडेच परत बघते. इ चा लोप आणि आ चा लोप हे दोन वेगळे नियम असू शकतात. इ चा लोप, मग तालव्यीकरण, मग आ चा लोप, असं मांडलं की गाति आणि नोतु दोन्ही निघतात. पण हा तिसरा नियम फुकट मिळत नाही. ती बोली इ आणि आ यांना आणखी कुठे वेगळं वागवते का, हे शोधावं लागतं.

गाति सारखी रूपं, म्हणजे जागा तयार झाली तरी दुसरा नियम लागत नाही अशी, संस्कृतात आपण शाळेतच पाठ केलेली असतात. देव ची तृतीया अनेकवचनी देवैः होते, कारण अकारान्त शब्दापुढे भिस् या प्रत्ययाचा ऐस् होतो. राजन् पुढे भिस् आला की न् गळतो आणि राज उरतं, अगदी देव सारखं अकारान्त. तरीही राजैः होत नाही, राजभिः होतं. पाणिनीने न् चा लोप आठव्या अध्यायात, दुसऱ्या पादापासून सुरू होणाऱ्या त्रिपादीत ठेवला, आणि «पूर्वत्रासिद्धम्» म्हणून सांगितलं की तिथलं कार्य आधीच्या नियमांच्या दृष्टीने घडलेलंच नाही. भिस् चा नियम सातव्या अध्यायातला. त्याला राजन् मधला न् अजून जागेवरच दिसतो.