तीन सेंटिमीटरच्या गोळ्यातून निघालेली तार

हुपरीच्या आमच्या चांदीच्या कारखान्यात तार तपासून तिचा हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. येथे येणारे बहुतेक गिऱ्हाईक चांदी वजनावर देतात आणि तार वजनावरच घेऊन जातात, त्यामुळे लांबीचा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. म्हणूनच गणिताचे एक निवृत्त शिक्षक चांदीचा भरीव गोळा आणि त्यासोबत आकडेमोडीचा कागद घेऊन आले, तो दिवस माझ्या चांगलाच लक्षात राहिला. घरातील जुनी चांदी त्यांनी दुसरीकडे शुद्ध करून घेतली होती आणि तिथेच तिचा गोळा ओतवून घेतला होता. त्याची एक मिलिमीटर जाडीची तार त्यांना हवी होती. दहावीच्या मुलांना महत्त्वमापन शिकवताना गोळा वितळवून तार काढण्याचे उदाहरण त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवले होते आणि आता ते एकदा डोळ्यांनी पाहायचे होते.

कागदावरचे गणित निर्दोष होते. गोळ्याचे घनफळ आणि तारेचे, म्हणजे लांबलचक वृत्तचितीचे, घनफळ समान मानले की दोन्हीकडचा पाय कटतो आणि उरते ते असे:

L = 2D³ / (3d²)

यात D हा गोळ्याचा व्यास, d हा तारेचा व्यास आणि L ही लांबी. गोळा ३ सेंटिमीटरचा, तार ०.१ सेंटिमीटरची, म्हणजे ५४ भागिले ०.०३, उत्तर १८०० सेंटिमीटर. “अठरा मीटर तार निघेल,” असे सर म्हणाले. मी होकार दिला नाही आणि नाहीही म्हटले नाही. आधी गोळा मोजून घेऊ, इतकेच सांगितले.

व्हर्नियर कॅलिपरने गोळा फिरवून फिरवून वेगवेगळ्या दिशांनी मोजला. व्यास सगळीकडे ३० मिलिमीटरच्या आसपासच भरला. असे अनेक दिशांनी मोजावे लागते, कारण सूत्रात व्यासाचा घन येतो आणि व्यासात एका टक्क्याची चूक झाली, तर उत्तरात ती तीन टक्क्यांची होऊन उतरते. त्यानंतर गोळा काट्यावर ठेवला. चोख चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम असते, त्या हिशेबाने या मापाच्या भरीव गोळ्याचे वजन १४८.३ ग्रॅम भरायला हवे होते. काट्याने १४३.० दाखवले. मी तो आकडा सरांच्या समोरच पावतीवर लिहिला आणि पाच ग्रॅमांहून अधिक कमी आहे, हेही सांगितले.

अशा वेळी दोन शंका येतात. एक तर चांदीत तांबे मिसळलेले असते, कारण तांबे हलके असते. नाहीतर गोळा आतून पोकळ असतो. सरांना पहिली शंका बोचली, कारण शुद्धीकरणाचे पैसे त्यांनी वेगळे मोजले होते. कॅरेटोमीटरखाली गोळा ठेवला तर चांदी चोख निघाली, पण ते यंत्र केवळ पृष्ठभागाची खबर देते. मग पाण्याची कसोटी घेतली. काचेच्या भांड्यात पाणी भरून ते काट्यावर ठेवले, आकडा शून्यावर आणला आणि गोळा दोऱ्याने टांगून तळाला व कडेला न लावता पूर्ण बुडवला. काटा १४.१ ग्रॅमवर स्थिरावला. बुडालेल्या वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचे हे वजन आहे, म्हणजेच गोळ्याचे बाहेरून दिसणारे घनफळ १४.१ घन सेंटिमीटर होते. सूत्राने येणारे घनफळही १४.१४ आहे. बाहेरचे माप बरोबर, कातडी चोख आणि तरीही वजन कमी. त्यामुळे पोकळीचीच शक्यता मला अधिक वाटली. खात्री मात्र वितळवल्यावरच होणार होती.

पोकळी का पडते, हे आमच्या भट्टीवरच्या मामांनी सरांना समजावले. चांदी ९६२ अंशांना वितळते आणि वितळलेली चांदी थंड चांदीपेक्षा दशमांशाहून अधिक जागा व्यापते. साच्यात ओतल्यावर आधी बाहेरचे कवच गोठते, आतला रस मागाहून गोठतो आणि गोठताना आकसतो. त्या वेळी वरून नवा रस मिळाला नाही, तर कवच जागच्या जागी राहते आणि मधोमध रिकामी जागा उरते. गोळ्यासारख्या सर्व बाजूंनी सारख्या जाड वस्तूत हा दोष विशेष होतो. त्यातच वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन भरपूर शोषून घेते आणि गोठताना तो बाहेर टाकते, त्याचेही बुडबुडे अडकतात. म्हणून मामा मुशीतल्या चांदीवर कोळशाची पूड पसरून ठेवतात.

गोळा मुशीत गेला आणि रस लोखंडी साच्यात ओतून सुमारे आठ मिलिमीटर जाडीची, साधारण २७ सेंटिमीटर लांबीची कांब तयार झाली. कांब साफ करून तोलली तेव्हा १४२.६ ग्रॅम भरली. मुशीला आणि साच्याला चिकटून गेलेली ०.४ ग्रॅम ही घट, आमच्या मते, क्षम्य होती. तिचीही पाण्यात परीक्षा घेतली आणि घनता १०.५ च्या जवळ आली, त्यामुळे तांब्याचा प्रश्न मिटला. गोळ्यात सुमारे अर्धा घन सेंटिमीटर पोकळी होती. एकत्र धरली तर ती काबुली हरभऱ्याएवढी होईल. सरांचा जीव भांड्यात पडला, कारण चांदी कोणी कमी दिलेली नव्हती, त्यांच्याकडे आधीपासून तितकीच चांदी होती.

यापुढचे काम फळ्यावरच्या उदाहरणात ‘तार काढली’ या दोन शब्दांत आटोपते. प्रत्यक्षात वितळलेल्या धातूतून तार निघत नाही, ती थंड कांबीतून ओढावी लागते. कांब आधी खाचांच्या रोलरमधून काढत काढत दोन मिलिमीटरपर्यंत आणली, तेव्हा ती सव्वाचार मीटरांच्या वर गेली होती. मग टोक कानशीने निमुळते करून ती जंतराच्या भोकातून, म्हणजे क्रमाने बारीक होत जाणारी भोके असलेल्या पट्टीतून, मेण लावून ओढली. एका भोकात फार बारीक करायला गेले तर तार तुटते, म्हणून छेदाचे क्षेत्रफळ दर खेपेस पंधरा-वीस टक्क्यांहून जास्त घटवत नाहीत. ओढून ओढून तार ताठर होते, तेव्हा मध्येच ती मंद लालसर तापवून नरम करावी लागते. जाडी निम्मी झाली की लांबी चौपट होते, हे सूत्रात दिसतेच. पण दोन मिलिमीटरची तार एकावर येताना वेटोळी कशी वाढत जातात, हे पाहताना सर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

त्यांनी या वेळी एक मार्मिक प्रश्न विचारला. इतक्या जोराने भोकातून ओढल्यावर धातू दाबला जाऊन त्याचे घनफळच कमी होत नसेल काय? भरीव धातूच्या बाबतीत तो फरक आमच्या काट्याला कळणार नाही इतका नगण्य असतो. घनफळ राखले जाते हे गृहीतक त्या उदाहरणात सर्वांत भक्कम आहे. डळमळतात ती मापे.

तार तयार झाल्यावर निमुळती केलेली आणि पकडीने चेंबलेली टोके कापली. ती ०.९ ग्रॅम भरली आणि तार १४१.७ ग्रॅम. टेबलावर ठोकलेल्या दोन खुणांमध्ये ताणून लांबी मोजली, तर ती १६ मीटर ५३ सेंटिमीटर आली. सर बराच वेळ आकड्याकडे पाहत होते. अठरातून दीड मीटर तार कुठे गेली, असे त्यांनी आवाज न चढवता विचारले.

एक मिलिमीटर जाडीच्या चोख चांदीच्या एका मीटर तारेचे वजन ८.२४ ग्रॅम असते. पोकळीमुळे नसलेले ५.३ ग्रॅम म्हणजे ६४ सेंटिमीटर. भट्टीतली घट आणि कापलेली टोके मिळून १.३ ग्रॅम, म्हणजे १६ सेंटिमीटर. एवढ्याने ८० सेंटिमीटरांचा हिशेब लागला आणि ६७ सेंटिमीटर तार अजून सापडायची होती. चांदी तर काट्यावर पुरी होती. मग उरते फक्त जाडी.

मायक्रोमीटरने पाहिले तर कुठे १.०१, कुठे १.०३ असे आकडे येत होते, कारण हाताने ओढलेली तार अगदी गोल नसते आणि मायक्रोमीटर एका वेळी एकाच जागेचे माप सांगतो. तारेची सरासरी जाडी तराजूने अधिक नेमकी कळते, असा माझा अनुभव आहे. त्याच तारेचा बरोबर एक मीटर भाग वेगळा करून तोलला, तो ८.५७ ग्रॅम भरला. ८.५७ ला ८.२४ ने भागून वर्गमूळ काढले की १.०२ येते. तार एक मिलिमीटरची नव्हतीच, १.०२ मिलिमीटरची होती, कारण जंतराचे ते भोक वापरून झिजले होते. जाडीत दोन टक्के वाढ झाली की लांबी चार टक्के घटते, आणि उरलेल्या चांदीच्या १७ मीटर २० सेंटिमीटर तारेचे चार टक्के म्हणजेच ते ६७ सेंटिमीटर.

मला स्वतःला यातले हेच सर्वांत लक्षणीय वाटते. गोळ्याच्या पोटातली डोळ्यांनी दिसावी अशी पोकळी आणि भोकाची, केसाहूनही बारीक, मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाची झीज, यांनी जवळजवळ सारखीच लांबी खाल्ली. तार आणखी बारीक असती तर झिजेचा वाटा कितीतरी वाढला असता. याच मापाच्या निर्दोष गोळ्यातून ०.३ मिलिमीटरची तार काढली, तर सूत्राने २०० मीटर येते, जाडी ०.३१ झाली की लगेच १८७ मीटर उरते. एका शतांश मिलिमीटरला जवळपास तेरा मीटर!

तार नव्या भोकातून पुन्हा एकदा ओढून देण्याची तयारी मी दाखवली. सरांनी नको म्हटले. आहे तीच तार मुलांना वजन आणि लांबी देऊन जाडी काढायला लावण्यासाठी बरी पडेल, असे ते म्हणाले. कापलेली टोके त्यांनी पुडीत बांधून घेतली आणि पावतीवर १४३.० च्या खाली १४१.७, ०.९ आणि घट ०.४ असे तीन आकडे लिहवून घेतले. त्याच संध्याकाळी मी जंतराच्या त्या भोकाशेजारी १.०२ असे कोरून ठेवले आणि एक मिलिमीटरच्या कामासाठी नवी पट्टी काढायला सांगितली.