सीनियरला पाठवलेला दुसरा मेसेज

बॅकएंडच्या जागेसाठी माझा अर्ज शॉर्टलिस्ट झाला तेव्हा पहिल्या राउंडला नऊ दिवस होते. त्या कंपनीत आमच्या कॉलेजचे एक सीनियर होते, सात वर्षांपासून तिथेच, आता मॅनेजर. त्यांना मी लिहिलं: "नमस्कार सर, मी तुमच्याच कॉलेजची. तुमच्याकडे इंटरव्ह्यू आहे. काय काय विचारतात? प्लीज गाइड करा." मेसेज वाचल्याची खूण दिसली, उत्तर काही आलं नाही.

दोन दिवस मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली. मग तोच मेसेज पुन्हा वाचला, तर चूक माझीच होती. जागा कोणती, राउंड कधी, काहीच लिहिलं नव्हतं. उत्तर द्यायचं तर त्यांना निबंधच लिहावा लागला असता. शिवाय "काय विचारतात" म्हणजे सरळ प्रश्न मागण्यासारखं झालं. बऱ्याच कंपन्यांत प्रश्न बाहेर सांगायला मनाई असते, आणि हे तर स्वतः इंटरव्ह्यू घेणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता जास्त.

मग लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावरचा माजी विद्यार्थ्यांचा विभाग उघडला आणि कंपनीचं नाव टाकून गाळणी लावली. चार जण निघाले. या वेळी मोठं पद बघितलं नाही. माझ्याच प्रकारच्या जागेवर सगळ्यात अलीकडे कोण लागलंय ते बघितलं. एक दादा दीड वर्षापूर्वी लागले होते. कनेक्शनच्या विनंतीसोबत मोजकीच अक्षरं बसतात, म्हणून तिथे फक्त कॉलेज, बॅच आणि "इंटरव्ह्यूच्या स्वरूपाबद्दल दोन प्रश्न विचारायचे होते" एवढंच लिहिलं. त्यांनी विनंती स्वीकारल्यावर पूर्ण मेसेज पाठवला:

"नमस्कार दादा, विनंती स्वीकारल्याबद्दल आभार. बॅकएंडच्या जागेसाठी (२ वर्षांचा अनुभव) माझा पहिला राउंड पुढच्या मंगळवारी आहे. एचआरने तीन टेक्निकल राउंड सांगितलेत. नेमके प्रश्न नकोत, फक्त स्वरूप विचारते. १) कोडिंगच्या राउंडला कोड चालवून दाखवायचा असतो की नुसत्या डॉक्युमेंटमध्ये लिहायचा? २) डिझाइनच्या राउंडला क्लास लिहायला लावतात की मोठ्या सिस्टिमची आकृती काढायला? तुमचे राउंड साधारण कधी झाले होते तेही कळवाल का? सांगण्यासारखं नसेल तर काहीच हरकत नाही."

त्याच रात्री दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. पहिल्या राउंडला साधं डॉक्युमेंट, रन करायचं बटण नाही. दुसरा मशीन कोडिंगचा: ९० मिनिटांत छोटा प्रोग्रॅम लिहून चालवून दाखवायचा. तिसऱ्यात आकृती. "पण हे माझ्या वेळचं. मधे बदललं असेल तर एचआरला विचारून घे," असंही ते म्हणाले.

"रन करायचं बटण नाही" या चार शब्दांनी माझी तयारीच बदलली. तोवर मी कोड लिहायचे, चालवायचे, एरर आली की दुरुस्त करायचे. आता साध्या नोटपॅडमध्ये लिहायला लागले आणि एक उदाहरण घेऊन ओळीओळीने व्हेरिएबलच्या किमती तोंडाने म्हणायला लागले. पहिल्याच दिवशी एक चूक सापडली. स्ट्रिंगमधलं पुन्हा न येणारं पहिलं अक्षर शोधायचं होतं. कोड डोळ्यांना बरोबर दिसत होता, पण "aabb" घेऊन चालले तेव्हा लक्षात आलं, असं अक्षरच नसेल तर काय परत करायचं हे मी लिहिलंच नव्हतं. एरवी हे टेस्ट केस फेल झाल्यावरच कळलं असतं. पाच-सहा दिवस असंच केलं. कंटाळवाणं काम आहे, घरचे म्हणाले ही एकटीच काय पुटपुटते.

एचआरला मेल करायचा संकोच वाटत होता, तरी केला: "दुसरा राउंड मशीन कोडिंगचा आहे का, आणि वेळ किती?" दोन ओळींत उत्तर आलं: मशीन कोडिंगच, पण ६० मिनिटं. म्हणजे अर्धा तास कमी. ९० मिनिटांच्या हिशेबाने मी पहिली वीस मिनिटं क्लासची मांडणी करण्यात घालवत होते. आता आधी एक गोष्ट पूर्ण चालेल एवढंच लिहायचं आणि मग वाढवायचं असं ठरवलं. राउंडच्या दिवशी पस्तिसाव्या मिनिटाला माझा प्रोग्रॅम चालत होता, दोन सोयी राहिल्या होत्या. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी त्या कशा जोडशील हे तोंडी विचारून घेतलं आणि पुढे पाठवलं.

तिसऱ्यात अडकले. आकृती ठीक झाली, पण डेटाबेस बंद पडला तर काय, याला धड उत्तर देता आलं नाही. नकार आला.

दादांना तेवढं कळवलं, आणि मशीन कोडिंग आता ६० मिनिटांचं झालंय हेही. प्रश्न कोणता होता ते मी लिहिलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. उलट उत्तर आलं: "बरं झालं सांगितलंस. कालच अजून एका ज्युनियरला मी ९० सांगून बसलोय."