तुम्ही विचारलंत म्हणून : श्रेय कोणाचे?

"माझ्या गटातले दोघे एका कामाच्या श्रेयावरून वर्षभर धुमसताहेत. दोघेही कामाचे आहेत. मी कोणाची बाजू घेऊ?"

माझा अनुभव संशोधन गटाचा आहे, आणि त्यात पहिली चूक माझीच होती. विदर्भातील काही गावांच्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यातील फ्लोराइडवर आम्ही दोन वर्षे काम केले. एका सहकारी बाईंनी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर फिरून नमुने गोळा केले व प्रयोगशाळेत मोजले. दुसऱ्या सहकाऱ्याने त्या आकड्यांतून कोणत्या खडकात, कोणत्या खोलीवर प्रमाण वाढते याचे विश्लेषण उभे केले. शोधनिबंधात पहिले नाव कोणाचे, यावर वाद पेटला, तेव्हा मी दोघांच्या नावांपुढे तारांकन घालून तळाशी 'समान योगदान' अशी टीप दिली आणि प्रकरण मिटले असे समजलो. परंतु संदर्भ देताना बाहेरचे लोक पहिले नाव घेऊन पुढे 'व इतर' लिहितात, त्यात ते तारांकन कोणाला दिसत नाही. ज्यांचे नाव दुसरे आले त्या बाईंना हे प्रत्येक संदर्भागणिक नव्याने बोचत राहिले.

भांडणाचा आवाज कधी मोठा झाला नाही, पण कामात ते स्पष्ट दिसू लागले. मोजणीचे मूळ आकडे सामाईक फोल्डरमध्ये येईनासे झाले, आणि उलट बाजूने आलेख केवळ चित्राच्या रूपात येऊ लागले, म्हणजे त्यामागचे गणित समोरच्याला तपासता येऊ नये. माझ्या मते रुसव्याफुगव्यांपेक्षा हे लक्षण गंभीर आहे, कारण येथून पुढे चुका सापडणे बंद होते.

मग मी दोघांना वेगवेगळे बसवून, त्या निबंधात स्वतःचा वाटा किती टक्के वाटतो ते लिहून मागितले. बाईंनी सत्तर लिहिले, दुसऱ्या सहकाऱ्याने साठ. मी गुपचूप स्वतःचे वीस लिहिले होते, म्हणजे एका निबंधाचे दीडशे टक्के झाले. यात कोणी खोटे बोलत नव्हते. 1979 साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवरा-बायकोंना घरकामातील आपापला वाटा विचारला होता, तेव्हाही बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभराच्या वर गेली होती; आपण उपसलेले कष्ट आपल्याला सहज आठवतात, दुसऱ्याचे आठवत नाहीत. म्हणून टक्क्यांवर वाद घालणे मी तेथेच सोडले आणि तारखा असलेल्या प्रयोगवह्या, फाइलींच्या जुन्या आवृत्त्या व ईमेल काढून कोणी काय केले याचा तक्ता मांडला. योगदानाच्या चौदा भूमिकांची जी यादी अनेक नियतकालिके वापरतात, तीच आधाराला घेतली. तक्त्यावर दोघांचे जवळजवळ एकमत झाले. अडले ते केवळ नावांच्या क्रमावर.

या टप्प्यावर बाई म्हणाल्या, "सर, पहिले नाव माझे, असे तुम्हीच म्हणाला होतात." ते खरे होते. दुर्दैवाने विश्लेषण रखडले असताना मी त्या सहकाऱ्यालाही हेच सांगून बसलो होतो. दोघे एकमेकांवर चिडले होते ते माझ्या दोन शब्दांमुळे. दोघांना एकत्र बसवून मी हे कबूल केले, आणि तोवरच्या सगळ्या मध्यस्थीपेक्षा त्या दहा मिनिटांनी अधिक काम केले. तेव्हा कोणाची बाजू घ्यावी हे ठरवण्यापूर्वी आपण कोणाला काय कबूल केले होते, ते आठवून पाहा.

छापून झालेला क्रम बदलता येणार नव्हता; नोकरीच्या अर्जांना जोडण्यासाठी मी दोघांना त्या तक्त्यानुसार, माझ्या सहीचे पत्र दिले. उरलेल्या कामातून दोन निबंध निघत होते : ऋतूंनुसार होणाऱ्या बदलाचा बाईंकडे, भूगर्भाशी असलेल्या संबंधाचा दुसऱ्या सहकाऱ्याकडे. प्रश्न खरोखर दोन होते म्हणून हे जमले. एकच निष्कर्ष समजुतीखातर दोन तुकड्यांत छापणे मी मान्य केले नसते. आता प्रत्येक कामाआधी पानभर करार होतो : पहिला मसुदा कोण लिहिणार, कधीपर्यंत, आणि तीन महिन्यांत तो आला नाही तर क्रमाचा फेरविचार होईल. कामाची वाटणी बदलली की पान नव्याने लिहिले जाते, सह्या पुन्हा होतात.

दोघांची जुनी मैत्री काही परतली नाही. ते आजही चहाला वेगवेगळ्या वेळी जातात. मोजणीचे मूळ आकडे मात्र त्याच संध्याकाळी सामाईक फोल्डरमध्ये असतात.