रायगडावर ऑडिओ गाईडची रंगीत तालीम

परवा संहिता कागदावर घेऊन रायगडावर गेलो. रोपवेने वर, मग मेणा दरवाजा, राजसभा, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर. सोबत आवाज देणारा मित्र आणि श्रोता म्हणून आई.

घरी स्टॉपवॉच लावून सगळं 24 मिनिटांत बसवलं होतं. प्रत्यक्षात दीड तास लागला. चालताना आई ऐकतच नव्हती, पायाखाली बघत होती. म्हणून आता चालीच्या टप्प्यावर फक्त दिशा सांगतो आणि गोष्ट उभं राहिल्यावर. मिनिटाला 110 शब्द पुरतात. घरी आम्ही 140 धरले होते.

राजसभेत मोठी चूक कळली. सिंहासनाजवळची कुजबुज नगारखान्यापाशी ऐकू येते, ते लोकांनी करून बघावं म्हणून 40 सेकंदांची शांतता ठेवली होती. एकाने नगारखान्यापर्यंत चालत जाण्यातच ती संपली. वर आईला वाटलं, फोन बंद पडला. अशा जागी फाईलच तोडा: ‘इथे आवाज थांबेल. प्रयोग झाला की पुढचा भाग लावा.’ तीन-चार सेकंदांचे विराम मात्र फाईलमध्येच हवेत. ते ‘थांबा’ असे लिहू नका. मित्राने दोनदा तो शब्द मोठ्याने वाचला. आता चौकटी कंसात ‘विराम 3’ लिहितो.

बाजारपेठेत ‘दुकानांची जोती’, म्हणजे चौथरे, असे शब्द आले. मित्राने ‘जगात’ला असतो तो ज लावला आणि दुकानांच्या ज्योती पेटल्या! समासात टीप टाकली: जोती, ज ‘जोर’मधला. मराठीत च, ज, झ दोन तऱ्हांनी उच्चारतात आणि लिपीत फरक दिसत नाही, त्यामुळे अशी टीप शब्दाशेजारीच हवी, शेवटच्या यादीत नको.

जगदीश्वराला सात मिनिटं द्या, शिवाय चपला काढण्याचा वेळ वेगळा. इथल्या संस्कृत शिलालेखात शक शब्दांत दिला आहे: ‘षण्णवबाणभूमि’. सलग वाचला तर श्रोत्याला काहीच लागत नाही. आम्ही असं लिहिलं:

षण् (सहा) [विराम 1] णव, म्हणजे नव (नऊ) [विराम 1] बाण (पाच) [विराम 1] भूमि (एक) [विराम 3] आता उलटे वाचा. [विराम 4] शके पंधराशे शहाण्णव, म्हणजे इसवी सन सोळाशे चौऱ्याहत्तर.

चार सेकंदांत आईने बोटांवर आकडा जुळवला. संहितेत सनही अक्षरांतच लिहा, नाहीतर ‘एक हजार सहाशे’ असं वाचलं जातं.

पायरीवरचा ‘सेवेचे ठायी तत्पर’ हा लेख संस्कृत शिलालेखानंतर ठेवा. तो वाचायला लोक खाली वाकतात, आणि इयरफोन निसटतात. तिथे आधी ‘पायरीकडे बघा’, मग पाच सेकंद काही नाही.

फायली पायथ्याशीच उतरवून घ्या. वाऱ्याच्या दिवशी होळीच्या माळावर आमचा हळू आवाज अजिबात ऐकू आला नाही. तो भाग पुन्हा ध्वनिमुद्रित करायचा आहे.