औशाचा रस्ता लागला की बदलणारा नवरा

वेळा अमावास्येनंतरचा आठवडा. दरवर्षी या आठवड्यात समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांची तक्रार एकाच साच्यातली असते. सणाला गावी गेले, शेतात पांडव पुजले, भज्जी-आंबिल खाऊन परत आले आणि बायको म्हणते, "हा माणूस तिथं कोणी वेगळाच होता." आजच्या जोडप्याचं लिहून ठेवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दोघं संभाजीनगरला नोकरीला. सकाळचा चहा, कुकर, भाजी चिरणं त्याच्याकडे, पोळ्या आणि डबे तिच्याकडे. गाव औसा तालुक्यात. तिथं पाय ठेवला की तो जेवलेलं ताट काय, पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलत नाही. येळवशीला ती पहाटेपासून सासूबाईंच्या हाताखाली उंडे वळत होती आणि हा ओसरीवर भावकीत बसून होता. इथवर तिला चाललं. पण बोअरचा विषय निघाला, तिनं काहीतरी सुचवलं, तर सगळ्यांसमोर म्हणाला, "तिला काय कळतंय त्यातलं."

तिचा प्रश्न सरळ होता: यातला खरा कोणता? दबावाखाली असं वागायलाय, की मनातलंच बाहेर येतंय?

दोन्हींतला एकच खरा असला पाहिजे, या समजुतीनं खूप भांडणं विनाकारण लांबतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरी बोवेन यांनी कुटुंबांवर काम करताना माणसाच्या स्वत्वाचे दोन भाग मानले होते. एक पक्का, म्हणजे विचार करून स्वीकारलेली मतं, जी समोर कोणीही असलं तरी टिकतात. दुसरा उसना, जो समोरच्यांची मर्जी राखायला कमी-जास्त होतो. हा दुसरा भाग सगळ्यांकडे असतो आणि आईवडिलांसमोर सगळ्यात जास्त हलतो, कारण त्यांच्या मर्जीनं वागण्याची सवय लहानपणापासूनची. म्हणून 'वेगळा वागला' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कुठली गोष्ट बदलली आणि कुठली बदलली नाही, ते सुटं करून बघावं लागतं.

आज दोघांना तेच करायला लावलं. तिच्या सांगण्यात ताट न उचलणं आणि ते वाक्य एकाच रागात गुंडाळलेलं होतं. पण ताट न उचलण्यात तो फक्त काहीतरी करायचं थांबवतो. त्या वाक्यात त्यानं तिला खाली ओढलं. दबाव बहुतेक वेळा माणसाला गप्प करतो, हात आखडायला लावतो. बापासमोर बायकोशी हसून बोलायला लाजणारा पोरगा लाजेपोटी गप्प राहील, पण तिचा पाणउतारा करायची सक्ती त्याच्यावर कोणी केलेली नसते. अपवाद असतात. मित्र नाहीतर भाऊ 'बायकोचा बैल' म्हणून चिडवत असतील तर तो आधीच टोमणा मारून मोकळा होतो. म्हणून एका प्रसंगावर निकाल देत नाही.

मग बघायचं, माणसं पांगल्यावर काय होतं. दबाव असेल तर परतीच्या वाटेवर, लातूर मागं पडलं की माणूस सैल होतो. मुकाट्यानं का होईना, भरपाई करायला लागतो, आणि विषय काढला तर ओशाळतो. मनापासूनचं असेल तर ते त्याच्याबरोबर घरी येतं. ताटाच्या बाबतीत उत्तर लगेच मिळालं: परतल्याच्या दुसऱ्या सकाळी कुकर त्यानंच लावला होता. बोअरचं विचारलं तेव्हा तो जरा थांबला. गावाहून आल्यावर त्यानं वडिलांना चाळीस हजार पाठवले होते आणि तिला नंतर सांगितलं होतं. मागच्या दोन वेळीही, गावाकडच्या पैशाचं असंच. शहरातली ठेव, घरभाडं, गाडीचा हप्ता मात्र दोघं बसून ठरवतात.

म्हणजे घरकामात तो आईवडिलांसमोर दबतो, आणि गावाकडचा पैसा हा आपला नि वडिलांचा मामला आहे हे त्याचं स्वतःचं मत आहे, जे तो फ्लॅटमध्येही पाळतो. तिला पहिल्याचा राग जास्त येत होता, कारण ते सगळ्यांना दिसतं. भांडायची जागा खरं तर दुसरी होती. गावातलं ते वाक्य त्याच मतातून आलं होतं.

पुढचं काम दोघांचं वेगवेगळं ठरवलं. पैशाचं बोलणं गावाशी जोडायचंच नाही. ते इथं, पगार झाल्यावर, आकडे समोर ठेवून: वडिलांना वर्षाला किती द्यायचं, आणि किती रकमेपुढे एकमेकांना विचारायचं. आईबाप कसे वागतात हा विषय त्यात आला की तो त्यांची बाजू घेणार आणि आकडा बाजूला राहणार.

ताटाचं मात्र गावातच करावं लागतं, आणि ते बारीक हवं. सणाच्या दिवशी, भावकी बसलेली असताना सुरुवात करू नये. साधा दिवस, फक्त आई घरात, वडील शेतात गेलेले, अशा वेळी त्यानं स्वतःच्या चहाचा कप स्वतः मोरीत नेऊन ठेवायचा. एवढंच. आई म्हणणार, "तू कशाला उठलास रे, ती घेईल की." त्यानं "असू दे" म्हणायचं आणि कप ठेवायचा. वाद नको, समतेवर व्याख्यान तर मुळीच नको. कुटुंबातल्या एकानं जागा बदलली की बाकीचे त्याला जुन्या जागी ढकलतात, हे बोवेन यांनीही नोंदवलं आहे: आधी 'चुकतोयस', मग 'पहिल्यासारखा वाग', मग रुसवा किंवा धमकी. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला रुसवा आला तर काहीतरी हललंय असं समजावं.

हे फसतं ते बहुधा तिच्या एका वाक्यानं: "घरी तर रोज भांडी घासतो हा." ती कौतुकानं म्हणते, आईच्या कानावर 'माझ्या पोराला कामाला जुंपलंय' असं पडतं. राग सुनेवर निघतो आणि त्याला पुन्हा आईच्या बाजूला उभं राहावं लागतं. त्या वेळी तिनं त्याच्याकडे बघूही नये, आपलं काम करत राहावं.

त्यानं जाता जाता एक गोष्ट काढली, आणि ती रास्त होती. नांदेडला माहेरी गेली की तीही बदलते. तिथं तो आतल्या खोलीत एकटा बसतो आणि ती बहिणींमध्ये त्याच्या सवयींची नक्कल करते. तिनं नाकारलं नाही. तिच्याही बाबतीत तेच तपासायचं: परतल्यावर ती नक्कल थांबते का, की घरीही सुरू राहते.

एक प्रकार मी या चाळणीत घालतच नाही. चारचौघांत गोड आणि दार लागल्यावर हात उचलणारा, किंवा घरच्यांसमोर मर्दपणा दाखवायला मारणारा. तिथं दबाव की भावना हा प्रश्न विचारत बसण्यात बाईचा वेळ आणि जीव जातो. तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता आधी देते. जोडीनं बसवत नाही.

या दोघांना पगारानंतरच्या रविवारी बोलावलंय. येताना गावाकडे गेलेल्या पैशाचा वर्षाचा हिशेब त्यानं लिहून आणायचा आहे, आणि तिनं माहेरी दिलेल्याचा.